खाली वळलेली पानं

आमच्या भागात मिरचीचं पान वळलं की सगळे एकच म्हणतात, बोकड्या आला, आणि पुढे कोणी काही बोलत नाही. जसं काही पाऊस आला. पान वर वळलंय का खाली, शेंड्याला वळलंय का बुडाला, पानाखाली काय आहे, हे कोणी बघत नाही. बोकड्या आला म्हणजे ह्या वर्षीची मिरची गेली, आता पुढच्या वर्षी बघू. मालवणच्या आसपासच्या चार गावांत विचारा, हेच ऐकायला मिळेल. मला हे सगळं लिहून काढायचंय कारण ह्या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळी दुखणी लपलेली आहेत, तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्यावर मारलं तर दुखणं कमी होत नाही, वाढतं. आमच्या मळ्यात तेच झालं.

मळा म्हणजे फार मोठं काही नाही. भात कापून झालं की विहिरीजवळच्या दोन कुणग्यांत आम्ही मिरची, वांगी, थोडी चवळी आणि लाल माठ लावतो. मिरचीची रोपं असतील दीडशेच्या आसपास. ओली मिरची घरच्या कालवणाला, थोडी बाजाराला, आणि एप्रिलमध्ये जी लांब जाड मिरची उरते तिच्या सांडगी मिरच्या. आई त्यात मेथी, धणे, मीठ भरून दह्यात मुरवून वाळवते आणि मुंबईच्या नातेवाईकांपासून त्यांच्या ऑफिसातल्या लोकांपर्यंत त्या जातात. ह्या सांडग्यांचे जे पैसे येतात ते आईचे स्वतःचे असतात, त्यात घरातलं कोणी हात घालत नाही. म्हणून जानेवारीत पानं वळायला लागली तेव्हा सगळ्यात आधी ती गप्प झाली.

आजी म्हणाली, "बोकड्या इलो गो. कोणाची तरी नजर लागली." तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाबा म्हणाले, "व्हायरस आसा तो, तेका औषध नाय, उपटून टाकूया." आणि तरी ते बाजारात गेले तेव्हा औषधांच्या दुकानातून एक बाटली घेऊन आले. दुकानदाराने पानसुद्धा बघितलं नाही, बोकड्या म्हटल्याबरोबर बाटली काढून दिली. कीटकनाशक होतं, सिंथेटिक पायरेथ्रॉइड ह्या गटातलं. बाबांनी मारलं. चारपाच दिवस झाडं जरा बरी वाटली, मावा गेला, मुंग्या गेल्या, सगळं कसं स्वच्छ. आणि मग पुढच्या दोन आठवड्यांत विहिरीकडच्या कोपऱ्यात जी वीसेक झाडं आजारी होती त्यांची साठ झाली.

मला हेच खटकलं. औषध लागू पडलं नाही असं असतं तर वीसाची तीस झाली असती, पण हे असं भराभर का वाढलं? मी कुडाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर रक्त-लघवीच्या स्लाइड बघायच्या, आणि तिथे रोज एक गोष्ट डोळ्यासमोर असते, की ताप सगळ्यांनाच असतो, पण मलेरियाचा वेगळा आणि टायफॉइडचा वेगळा, नुसता ताप बघून गोळी दिली तर माणूस मरू शकतो. मिरचीची वळलेली पानं म्हणजे हा ताप. आत काय आहे ते कोणी बघितलेलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मळ्यात जाऊन नुसती बसले. झाडाला हात न लावता आधी बघायचं ठरवलं होतं. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे पान खाली वळलेलं होतं. दोन्ही कडा खालच्या बाजूला मुडपलेल्या, उलटी होडी घातल्यासारखं पान. दुसरी गोष्ट, हे सगळं शेंड्याला. खालची जुनी पानं चांगली रुंद, हिरवीगार, सपाट, आणि वरची कोवळी पानं अरुंद, लांबट, चामड्यासारखी कडक. तिसरी गोष्ट देठ. काही पानांचे देठ पानाच्या मानाने नको इतके लांब झालेले, उंदराच्या शेपटीसारखे, आणि त्याच्या टोकाला एवढंसं चुरगळलेलं पान. पान उलटं करून उन्हात धरलं तर खालच्या बाजूला शिरांच्या मधल्या भागात तपकिरी, तेलकट चकाकी. आणि कळ्या गळून झाडाखाली पडलेल्या. ज्या थोड्या मिरच्या धरल्या होत्या त्यांच्या सालीवर खरखरीत तपकिरी डाग, सुकलेल्या खपलीसारखे.

आता इथे जरा थांबून तिन्ही दुखणी नीट सांगते, कारण फरक कळला की अर्धं काम झालं.

फुलकिडे, ज्यांना थ्रिप्स म्हणतात, ते पान खरवडून रस पितात, आणि त्यांनी पान वळतं ते वरच्या बाजूला, कडा वर उचललेली सुलटी होडी. पानावर चंदेरी ओरखडे दिसतात. दुसरं दुखणं खराखुरा व्हायरस, चिली लीफ कर्ल, तो पांढरी माशी पसरवते. त्यातही पान वरच वळतं, पण सोबत शिरा जाड होतात, पान पिवळट आणि बारीक होतं, पेरं जवळजवळ येतात आणि झाड बुटकं राहून झुडपासारखं दिसतं. त्या झाडाला खरंच औषध नाही, बाबा म्हणतात ते त्या बाबतीत बरोबर आहे, ते उपटूनच टाकायचं. आणि तिसरं दुखणं कोळी. हा घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी नाही, त्याच कुळातला अगदी बारीक जीव, इंग्रजीत माइट म्हणतात तो. मिरचीवर जो येतो त्याला पिवळा किंवा पांढरा कोळी म्हणतात, शास्त्रीय नाव पॉलिफॅगोटार्सोनेमस लेटस. ह्याच्यामुळे पान खाली वळतं. हा जाळंही करत नाही, त्यामुळे लाल कोळ्याची जाळी बघायची सवय असलेल्या माणसाला ह्याचा संशयच येत नाही.

खाली का वळतं त्याचं कारण समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं, म्हणजे ते पाठ करायची गरजच राहिली नाही. हा कोळी राहतो कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला. तिथल्या पेशी टोचून रस पितो आणि पिताना जी लाळ सोडतो ती त्या पेशींना विषारी असते. पान तर अजून वाढतंय. वरची बाजू वाढत राहते, खालची बाजू जखमी होऊन आखडते, मग पान दुसरं काय करणार, खालीच मुडपणार.

पण पान खाली वळलंय म्हणजे कोळीच, असं सोडून द्यायचं नव्हतं. अनेक मळ्यांत कोळी आणि फुलकिडे दोन्ही एकत्र असतात आणि मग पानं वर-खाली कशीही वेडीवाकडी होतात. म्हणून आधी सोपी तपासणी केली. भावाच्या प्रोजेक्टचा काळा कागद घेतला, शेंड्याखाली धरला आणि शेंडा बोटाने टपटप झटकला. फुलकिडे असतील तर बारीक पिवळसर काडीसारखे जीव कागदावर पडतात आणि लगेच पळायला लागतात, साध्या डोळ्यांना दिसतात. आमच्याकडे दहाएक झाडं झटकून दोनतीन मिळाले. एवढ्याने साठ झाडं आजारी पडत नाहीत. झाडं हलवली तर पांढऱ्या माशा थोड्या उडाल्या. कागदावर बाकी काही दिसलं नाही.

दिसणारही नव्हतं. हा कोळी साधारण पाव मिलिमीटरपेक्षाही लहान, मादी 0.2 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाच माद्या एका रांगेत उभ्या केल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल, आणि अंगाने फिकट पिवळी, जवळजवळ पारदर्शक, पानाच्या रंगात रंग. दहा पट मोठं दाखवणाऱ्या सोनाराच्या भिंगातून मी बघितलं तेव्हा पानाच्या मधल्या शिरेजवळ काहीतरी चमकदार ठिपके हललेत असं वाटलं, नक्की सांगता आलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी शेंडे डब्यात घालून, डब्यात ओला टिश्यू पेपर ठेवून लॅबला नेले. सरांना विचारलं. ते म्हणाले काम संपल्यावर काय ते कर, स्लाइड पुसून ठेव.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बसले. पान जाड असतं, खालून येणारा मायक्रोस्कोपचा उजेड त्यातून नीट जात नाही, त्यामुळे नुसतं पान ठेवलं तर काळंच दिसतं. मग मी पारदर्शक चिकटपट्टी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूवर हलकेच दाबली आणि ती स्लाइडवर चिकटवली. सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्ह लावलं, चार पटीचं, डोळ्याकडचं दहाचं, म्हणजे एकूण चाळीस पट. फोकस केला. आणि होतेच ते.

पिवळसर, अंडाकृती, पाणीदार अंग, पाठीवर मधोमध एक पुसट पांढरी रेघ. पाय आठ. माद्या फुगीर, मागचे दोन पाय केसासारखे बारीक. काहींना सहाच पाय होते, ती पिल्लं. पण मला खात्री पटली ती अंड्यांनी. दुसरं एक पान कापून उलटं ठेवलं आणि वरून मोबाइलचा टॉर्च मारला, तर शिरेच्या कडेला लांबट गोल काचेच्या मण्यासारखी अंडी पानाला चिकटलेली, आणि प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या उंचवट्यांच्या रांगाच रांगा, अगदी रांगोळीचे ठिपके मोजून मांडावेत तशा. मिरचीवर येणाऱ्या दुसऱ्या कुठल्या कोळ्याचं अंडं असं नसतं. अंडं दिसलं की नाव पक्कं.

तेवढ्यात एक नर दिसला. नर मादीपेक्षा लहान आणि खूप चपळ. त्याच्या मागच्या टोकावर एक फुगीर, न हलणारं काहीतरी आडवं लादलेलं होतं आणि तो ते घेऊन पानाच्या कडेने धावत होता. मी बराच वेळ बघत राहिले. हे मी नंतर वाचलं, आणि वाचल्यावर पुन्हा बघितलं. ह्या कोळ्याचं पिल्लू मोठं होण्याआधी एक दिवसभर निपचित पडून असतं, त्या अवस्थेत ते खात नाही की चालत नाही. नर अशी मादी-पिल्लं शोधतो, उचलून आपल्या अंगावर आडवी घेतो आणि नव्या कोवळ्या पानाकडे घेऊन जातो. ती मोठी झाली की तिथेच मीलन, तिथेच अंडी. ह्या कोळ्याला कडक झालेलं पान टोचता येत नाही, त्यामुळे झाड जसं वर वाढतं तसं त्यालाही वर सरकत राहावं लागतं, आणि ते सरकवायचं काम नर करतात. म्हणून दुखणं नेहमी शेंड्याला. खालची पानं सपाट, हिरवी होती त्याचं उत्तर हे.

त्यांची वाढ ऐकली की औषध मारून दोन आठवड्यांत काय झालं असेल ते आपोआप कळतं. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत अंड्यापासून मोठा कोळी व्हायला चार-पाच दिवस पुरतात. मादी दिवसाला सरासरी पाचेक अंडी घालते. न फळलेल्या अंड्यांतून नर होतात, फळलेल्यांतून माद्या, आणि माद्या बऱ्याच जास्त. म्हणजे दोन आठवड्यांत तीन पिढ्या.

आणि ह्या तीन पिढ्यांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं. कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय, ह्याला आठ. जे औषध माव्याला आणि माशीला मारतं त्यातलं बरंचसं ह्याला काहीच करत नाही. पण ह्याला खाणारे जे आहेत, म्हणजे त्याच्याच जातीतले शिकारी कोळी, जे त्याच्याहून जरा मोठे आणि भराभर पळणारे असतात, ते त्या पायरेथ्रॉइडने मेले. पायरेथ्रॉइड मारल्यावर कोळी उसळतो हे जगभर ठाऊक असलेलं आहे, शेतकी कॉलेजात शिकवतात. बाटली देणाऱ्याने पान उलटं करून बघितलं असतं, किंवा निदान बाबांना एक प्रश्न विचारला असता की पान कुठे वळलंय, तर आमची चाळीस झाडं वाचली असती. ह्याचा मला अजून राग आहे.

घरी येऊन मी बाबांना मोबाइलवर फोटो दाखवले, आयपीसवर मोबाइल टेकवून काढलेले. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये आमच्या मिरचेवर?" आजीने पण बघितलं. ती म्हणाली, "येवढो बारीक, आनी येवढा नुकसान." मग विचारलं की औषध काय. मी म्हटलं, गंधक. बाबा उठले आणि पडवीतल्या फळीवरून पिवळी पिशवी घेऊन आले.

ही गंमत कोकणातल्या प्रत्येक आंबेवाल्याला कळेल. हापूसच्या मोहरावर भुरी येते म्हणून पाण्यात मिसळणारं गंधक, ऐंशी टक्केवालं, दर थंडीत आमच्याकडे आणलेलं असतंच. तेच गंधक कोळीनाशक पण आहे. म्हणजे औषध मळ्यापासून शंभर पावलांवर पडून होतं. अजून एक योगायोग, हा कोळी 1904 साली नेथन बँक्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने पहिल्यांदा लेटस ह्या नावाने नोंदवला तो वॉशिंग्टनच्या एका काचघरातल्या आंब्याच्या शेंड्यावर. आंबा, चहा, पपई, लिंबू, बटाटा, ताग, कापूस, सगळ्यांवर जातो हा, नावातच आहे त्याच्या, बहुभक्षी.

गंधकाचं प्रमाण लिटरला तीन ग्रॅम. आमचा पंप पंधरा लिटरचा, म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम, ते आईच्या मसाल्याच्या नव्हे, वेगळ्या काट्यावर मोजलं. आधी मगभर पाण्यात कालवून पातळ पेस्ट केली, मग पंपात, नाहीतर गुठळ्या नोझलमध्ये अडकतात. ते करण्याआधी तोडण्याजोग्या सगळ्या मिरच्या तोडून घेतल्या. अगदीच वाकडे झालेले शेंडे कात्रीने कापून प्लास्टिकच्या पिशवीत भरले, तोंड बांधलं आणि पिशवी जांभ्या दगडाच्या गडग्यावर उन्हात ठेवली, बांधावर टाकले नाहीत. कारण शेंडा सुकायला लागला की कोळी तो सोडून शेजारच्या झाडाकडे निघतात.

बाबांना मारायची सवय सुपारीची आणि आंब्याची, वरून झोत सोडायची. इथे त्याचा उपयोग नाही. कोळी पानाखाली, आणि तेही मुडपलेल्या पानाच्या आत. नोझल उलटं वर करून, झाडाच्या कमरेपासून शेंड्याकडे मारायचं, पानं खालून ओली झाली पाहिजेत, पाणी गळेपर्यंत नाही पण एकही शेंडा कोरडा राहता कामा नये. आणि वेळ संध्याकाळची. हवा 32 अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात, आणि आपल्याकडे जानेवारीच्या दुपारीसुद्धा तेवढं होतं. बाबांना त्यात कडुनिंबाचं तेल मिसळायचं होतं, दोन औषधं म्हणजे दुप्पट फायदा ह्या हिशोबाने. ते मी होऊ दिलं नाही. गंधक आणि तेल एकत्र आले, किंवा दोन आठवड्यांच्या आत एकामागोमाग आले, तरी पान जळतं.

शेवटच्या ओळीतली चार झाडं मी मुद्दाम सोडली, त्यांच्यावर काहीच मारलं नाही. ह्यावरून घरात जोरदार भांडण झालं. बाबा म्हणत होते रोग आहे हे माहीत असून झाडं का सोडायची. माझं म्हणणं, न मारलेली झाडं शेजारी नसतील तर आपल्याला कळणार कसं की झाडं गंधकाने सुधारली का हवा बदलली म्हणून? शेवटी आईने निकाल दिला, चार झाडं तिच्या वाट्याची समजा. ती झाडं वाऱ्याच्या खालच्या अंगाला होती, म्हणजे त्यांच्यावरून वारा बाकीच्या मिरचीवर येत नव्हता, हे मी बघून घेतलं होतं.

आणि मग वाट बघायची. हा भाग सगळ्यात कठीण, कारण इथेच लोक घाबरून दुसरी बाटली आणतात. वळलेलं पान कधीही सरळ होत नाही. त्याच्या पेशी गेलेल्या असतात, कोळी मेला म्हणून पान परत उलगडत नाही. उलट ज्या पानांना कळीत असतानाच लाळ लागलेली असते ती कोळी मेल्यानंतरही वाकडीच बाहेर येतात, असं आठवडा दोन आठवडे चालतं. त्यामुळे मारल्यानंतर पहिल्या आठवड्यात झाड बघितलं तर वाटतं काही फरक नाही. बाबा रोज सकाळी मळ्यातून येऊन हेच सांगायचे. मी सांगायची, झाड बघू नका, शेंड्यातलं सगळ्यात लहान पान बघा, आणि मी ते भिंगाखाली बघत होते. हलणारे ठिपके जवळजवळ संपले होते. अंडी मात्र काही होती, गंधकाने सगळी अंडी मरत नाहीत. म्हणून साधारण आठवड्याने, त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं परत अंडी घालायला लागायच्या बेतात, दुसरी फवारणी. एकदाच मारून थांबलं असतं तर सगळं परत पहिल्यापासून.

दुसऱ्या फवारणीनंतर काही दिवसांनी आई पाणी लावायला गेली होती, तिथूनच हाक मारली. मधल्या ओळीत एका झाडाच्या वाकड्या, कडक शेंड्याच्या बगलेतून नवा फुटवा आला होता, त्याची पानं सपाट, मऊ, रुंद. खाली सुरकुतलेली पानं आणि त्याच्या वर एकदम निरोगी, जणू दोन झाडं एकावर एक कलम केलीत. मग दोनच दिवसांत ओळीच्या ओळी तशा दिसायला लागल्या. सोडलेली चार झाडं तशीच होती, उलट त्यांचे शेंडे करपून काळे पडले होते. बाबा त्या चार झाडांसमोर बराच वेळ उभे होते. नंतर त्यांनीच ती काढून जाळली.

सगळी झाडं सुधारली नाहीत हेही सांगायला हवं. सातआठ झाडं गंधक मारूनही तशीच राहिली. नीट बघितलं तर त्यांची पानं वर वळलेली, पिवळट, शिरा जाड, झाड गुडघ्याएवढंच. हा खरा व्हायरस. तो आधीपासूनच होता, कोळ्याच्या गर्दीत वेगळा ओळखू येत नव्हता एवढंच. ती उपटली. आणि पांढरी माशी मी हलक्यात घेतली नाही, कारण ती व्हायरस तर नेतेच, पण हे कोळी तिच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. ज्यांना पंख नाहीत त्यांना तिने पंख दिलेत. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावले, औषध नाही.

एक प्रश्न राहिला होता तो बाबांनीच विचारला, "पन हे इले खंयसून?" पावसाळ्यात कुणग्यांत भात होतं, भातावर हा कोळी राहत नाही, मग जानेवारीत मिरचीवर कुठून आला? कोवळा पाला नसेल तर हा फार दिवस जगत नाही. म्हणजे कुठेतरी पावसाळाभर कोवळा पाला होता. मी भिंग घेऊन घराभोवती फिरले. न्हाणीच्या मागे, जिथे आंघोळीचं पाणी जातं, तिथे आजीचं मिरचीचं एक जुनं झाड आहे, तीन-चार वर्षांचं, छातीएवढं उंच. बारमाही पाणी, सावली, ओल. त्याची वरची पानं कायम बारीक आणि चुरगळलेलीच असतात, आम्हाला वाटायचं त्या झाडाची जातच तशी. त्याचा शेंडा उलटा केला तर पानाखाली तीच तेलकट चकाकी, आणि टॉर्चच्या उजेडात तीच ठिपक्यांची अंडी. आणि रोपांचा गादीवाफा आम्ही दरवर्षी कुठे करतो? त्याच झाडापासून चार हातांवर, कारण तिथे पाणी घालायला सोपं.

म्हणजे रोपं मळ्यात जातानाच कोळी घेऊन जात होती. मळ्यातसुद्धा सुरुवात विहिरीकडच्या कोपऱ्यातून झाली होती, आणि आईला आठवलं की पहिल्या दिवशी लावलेली रोपं त्याच कोपऱ्यात होती, वाफ्याच्या झाडाकडच्या बाजूने उपटलेली.

आजी ते झाड तोडू देईना. रोज सकाळी आंबोळीबरोबरच्या चटणीला ती तिथूनच दोन मिरच्या काढते. "माझ्या डोळ्यादेखत नाय तोडूचा," असं म्हणाली. मी तिला भिंग दिलं, शेंडा धरून दिला, बघ म्हटलं. तिला भिंगातून नीट दिसलं नाही, पण ती बसून राहिली, मग म्हणाली पावसाच्या आधी तोड, तोपर्यंत मी खाते. तेवढं चालण्यासारखं होतं, कारण रोपांचा वाफा ऑक्टोबरात करायचा असतो. मे महिन्यात झाड तोडलं. वाफा आता घराच्या दुसऱ्या अंगाला, मोकळ्यावर केलाय, मिरची, वांगी, पपई काहीच जवळपास नाही. रोपं लावण्याआधी प्रत्येक दहा-पंधरातल्या एकाचा शेंडा भिंगाखाली बघते. आणि मळ्यात फिरताना आधी निरोगी ओळी, शेवटी संशयाच्या, उलटं नाही, कारण हे जीव कपड्यांना आणि हातांना लागूनही जातात.

सांडग्या त्या वर्षी उशिरा झाल्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि नेहमीच्या निम्म्या. पण झाल्या.

गेल्या आठवड्यात खालच्या वाडीतली काकी आली, तिच्या मिरचीला बोकड्या आलाय आणि आमच्याकडची पिवळी पावडर हवी म्हणून. पदरात दोन शेंडे बांधून आणले होते. मी बघितलं तर पानांच्या कडा वर उचललेल्या, आणि पानावर चंदेरी ओरखडे. काळा कागद काढला, शेंडा झटकला, तर पाचसहा पिवळ्या काड्या पडल्या आणि पळायला लागल्या. म्हटलं काकी, हे फुलकिडे, ह्यांना गंधक नको, उद्या सकाळी मी येते तुमच्या मळ्यात, तोपर्यंत काही मारू नका. ती म्हणाली, "अगो, पन बोकड्योच ना तो?"